फ्री अमोनिया की फिक्स्ड अमोनिया: सॉल्व्हे प्रोसेसमध्ये चुना नक्की कोणासाठी लागतो?

सॉल्व्हे प्रोसेस, म्हणजे मीठ आणि चुनखडीपासून धुण्याचा सोडा बनवायची पद्धत, शिकलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एवढंच राहतं की शेवटी चुना टाकला की अमोनिया परत मिळतो. हे अर्धंच बरोबर आहे. परत मिळवायचा अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातल्या एकाला चुना लागतच नाही, आणि त्यालाही चुना दिला तर नुकसान होतं.

आधी हा अमोनिया येतो कुठून ते बघू. मिठाच्या संपृक्त पाण्यात नुसता कार्बन डायऑक्साइड सोडला तर खाण्याचा सोडा बनत नाही, म्हणून त्या पाण्यात आधी अमोनिया मुरवतात आणि मग टॉवरमध्ये खालून कार्बन डायऑक्साइड सोडतात. खाण्याचा सोडा त्या पाण्यात फार विरघळत नाही म्हणून खाली बसतो, तो गाळून भाजला की धुण्याचा सोडा.

```
NaCl + NH3 + CO2 + H2O → NaHCO3 + NH4Cl
2NaHCO3 → Na2CO3 + CO2 + H2O
```

गाळल्यावर जे पाणी उरतं, त्याला फिल्टर लिकर म्हणतात, सगळा घोळ त्यातच आहे. त्यात थोडा अमोनिया बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या रूपात असतो, तो फ्री अमोनिया. आणि बराचसा क्लोराइडला बांधलेला असतो, म्हणजे आपला नवसागर, तो फिक्स्ड. दोघांत फरक काय ते नाकालाच कळतं. अमोनियम कार्बोनेटच्या बाटलीचं बूच काढलं की लगेच नाकात झोंबतं, नवसागराला वास नाही, त्याचं पाणी उकळलं तरी वास जवळपास येत नाही. पण त्याच नवसागरात चिमूटभर ओला चुना मिसळा (खिडकी उघडी ठेवून, आणि नाक जवळ नेऊ नका), क्षणात तोच झोंबरा वास. कार्बोनिक आम्ल कमजोर, उष्णता दिली की स्वतःच गॅस होऊन निघून जातं आणि अमोनिया मोकळा होतो, पण हायड्रोक्लोरिक आम्ल तसं सोडत नाही, त्या क्लोराइडला दुसरा कोणीतरी धरायला लागतो. चुन्यातलं कॅल्शियम ते काम करतं:

```
2NH4Cl + Ca(OH)2 → CaCl2 + 2NH3 + 2H2O
```

म्हणून प्लांटमध्ये क्रम ठरलेला असतो. लिकर स्टिलच्या, म्हणजे वाफ देऊन अमोनिया काढायच्या उभ्या भांड्याच्या, वरच्या भागात येतं, तिथे फक्त वाफेची उष्णता, त्यात फ्री अमोनिया आणि सगळा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मग ते बाहेर काढून चुन्याच्या दुधात मिसळतात (निवळी नाही, पांढरं दाट दूधच, कारण निवळीत चुना फारच थोडा असतो), आणि खालच्या भागात पुन्हा वाफ देऊन फिक्स्डचा अमोनिया काढतात. क्रम उलटा केला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत असतानाच चुना टाकला, तर चुना नवसागराशी भिडायच्या आधी त्या गॅसशी भिडतो आणि पुन्हा चुनखडी होऊन बसतो. चुना वाया जातो तो जातोच, वर ती चुनखडी स्टिलच्या आत थर धरते आणि रस्ता अडवते.

चुना येतो भट्टीतून. चुनखडी भाजली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्ही कामाचे. गॅस टॉवरला जातो, चुना पाण्यात विरवून स्टिलला. टॉवरला लागणारा उरलेला अर्धा गॅस खाण्याचा सोडा भाजताना परत मिळतो.

आता 1 टन धुण्याच्या सोड्याचा हिशेब करू. कागदावर त्याला सुमारे 320 किलो अमोनिया फिक्स्ड होतो आणि तो सोडवायला सुमारे 530 किलो कळीचा चुना लागतो. समजा चुना 5 टक्के कमी पडला, म्हणजे 26 किलोच. तर 16 किलो अमोनिया नवसागराच्या रूपात कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्याबरोबर बाहेर गेला, आणि तो भरून काढायला नवा अमोनिया घ्यावा लागतो. अमोनिया चुन्यापेक्षा कितीतरी महाग असतो, म्हणून चुना नेहमी किंचित जास्तच ठेवतात. मात्र फार जास्तही नको, न वापरलेला चुना नुसता गाळ होऊन बाहेर जातो.

चुना कमी पडतोय हे ओळखायचं कसं? स्टिलच्या तळाचं पाणी घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकायचा. गुलाबी झालं तर चुना शिल्लक आहे. रंग आला नाही तर त्यात थोडा कॉस्टिक सोडा घालून गरम करा, अमोनियाचा वास आला की समजायचं फिक्स्ड अमोनिया तसाच बाहेर चाललाय. फिल्टर लिकर मोजताना पण हाच फरक लक्षात ठेवायचा: मिथाइल ऑरेंज टाकून थेट आम्लाने टायट्रेट केलं की फक्त फ्री अमोनिया दिसतो (आणि पाण्यात राहिलेला थोडा खाण्याचा सोडा पण त्यातच मोजला जातो), फिक्स्ड त्यात दिसतच नाही. तो बघायला फ्री उकळून काढायचा, मग कॉस्टिक घालून डिस्टिल करायचं आणि निघालेला अमोनिया आम्लात पकडायचा. नुसत्या पहिल्या आकड्यावर चुन्याचा हिशेब लावला तर तो साफ चुकतो, कारण चुना ज्याच्यासाठी हवा तोच अमोनिया त्या आकड्यात नाही.

एक पद्धत मात्र चुना टाळते, चीनचे रसायन अभियंते होऊ दबांग यांची. तिथे फिक्स्ड अमोनिया सोडवतच नाहीत, नवसागर थंड करून आणि वरून मीठ घालून बाहेर काढतात आणि खत म्हणून विकतात. चुनाभट्टीच नको, पण मग अमोनिया फिरत राहत नाही, दर टनाला नवा लागतो, आणि कार्बन डायऑक्साइड पण दुसरीकडून आणावा लागतो. तो सहसा शेजारच्याच अमोनिया प्लांटमधून येतो.