मुलांच्या जोड्या जुळवायच्या की शाळा जुळवायच्या?

एम.एड.च्या लघुप्रबंधात ‘समान गट’ असा शब्द आला की त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एका प्रकारात दोन शाळांमधून सारखे गुण असलेली मुलं निवडून त्यांच्या जोड्या लावतात. दुसऱ्या प्रकारात मुळातच एकमेकींसारख्या असलेल्या शाळा शोधतात आणि त्यांचे वर्ग आहेत तसे घेतात. तक्त्यात दोन्हींची पूर्वचाचणी सारखीच दिसते, त्यामुळे मार्गदर्शकही पुढे विचारत नाहीत. पण पहिल्या प्रकारात काहीही न शिकवता फरक दिसू शकतो. कसा, ते एका उदाहरणावर पाहू.

बीड जिल्ह्यातली एक शिक्षिका पाचवीच्या वर्गाला भागाकार नव्या पद्धतीने शिकवणार आहे. चिठ्ठ्या टाकून मुलं दोन गटांत वाटणं तिला शक्य नाही. तुकडी एकच, वेळापत्रक एकच, आणि अर्ध्या मुलांना बाहेर बसवलं तर पालक दारात उभे राहतील. म्हणून प्रायोगिक गट तिच्या तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचा, आणि तुलनेसाठी तालुक्याच्या गावातली मोठी अनुदानित शाळा. 30 गुणांच्या पूर्वचाचणीत तांड्याच्या शाळेची सरासरी 12 आली, तालुक्याच्या शाळेची 18. गट समान नाहीत, म्हणून ती दोन्हीकडची 15 च्या आसपास गुण असलेली मुलं निवडते. आता दोन्ही गटांची सरासरी 15. कागदावर सगळं चोख.

पण ही 15 गुणांची मुलं आपापल्या वर्गात कुठे बसतात ते पाहा. तांड्याच्या शाळेत ती वर्गाच्या सरासरीच्या वर आहेत, तालुक्याच्या शाळेत खाली. कुठल्याही चाचणीतल्या गुणांत थोडा भाग त्या दिवसाचा असतो: नेमकं येणारं उदाहरण आलं, अंदाज बरोबर लागला, किंवा रात्री झोप झाली नाही. सरासरीच्या वर दिसणाऱ्या मुलांमध्ये ज्यांना त्या दिवशी साथ मिळाली अशी मुलं जास्त येतात, खालच्यांमध्ये ज्यांचा दिवस वाईट गेला अशी. पुन्हा चाचणी घेतली की दोघंही आपापल्या वर्गाच्या सरासरीकडे सरकतात.

किती सरकतात तेही काढता येतं. चाचणीची विश्वसनीयता 0.7 धरू, शिक्षकाने स्वतः तयार केलेल्या चाचणीसाठी हा आकडा काही वाईट नाही. मूल आपल्या वर्गाच्या सरासरीपासून जितकं दूर, त्याचं सुमारे 70 टक्के अंतर दुसऱ्या वेळी टिकतं. तांड्याची निवडलेली मुलं सरासरीच्या 3 गुण वर होती. त्यांच्याकडून अपेक्षा 12 + 2.1, म्हणजे 14.1 गुणांची. तालुक्याची मुलं 3 गुण खाली होती. त्यांच्याकडून 18 − 2.1, म्हणजे 15.9 ची. आठवडाभराने, भागाकाराचा एकही तास न घेता, तीच चाचणी पुन्हा दिली तरी जोड्यांमध्ये 1.8 गुणांचा फरक पडेल, आणि तो नव्या पद्धतीच्या विरोधात. चांगली पद्धत वाईट ठरेल. उलट, प्रयोग तालुक्याच्या शाळेत झाला असता तर कुचकामी पद्धतीलाही 1.8 गुणांचं यश फुकट मिळालं असतं. मला ही दुसरी बाजू जास्त घातक वाटते, कारण यश आलं की कोणी तपासायला जात नाही.

अमेरिकेत वंचित घरांतल्या लहान मुलांसाठीच्या ‘हेड स्टार्ट’ कार्यक्रमाचं मोठं मूल्यमापन 1969 साली बाहेर आलं आणि त्यात कार्यक्रमाचा फारसा टिकाऊ फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी डोनाल्ड कॅम्पबेल आणि अल्बर्ट अर्लबाखर यांनी दाखवलं की वेगळ्या थरांतली मुलं अशी जुळवली की मदतीचा कार्यक्रम अपायकारकसुद्धा भासू शकतो. पूर्वचाचणीतला फरक गणिताने वजा करणारं सहप्रसरण विश्लेषण केलं की हे आपोआप दुरुस्त होतं, अशी समजूत आपल्याकडे आहे. पूर्वचाचणीत चूक असते तेव्हा तेही अर्धवटच दुरुस्ती करतं, आणि मूळ अंतर मोठं असेल तर उरलेला फरक लपत नाही.

आता दुसरा रस्ता. इथे मुलं निवडायची नाहीत, शाळा निवडायच्या. तांड्याच्या शाळेसाठी तांड्याचीच किंवा तशाच वस्तीवरची शाळा शोधायची. माध्यम तेच, पटसंख्या जवळपास तेवढीच, शिक्षकांची संख्या तीच, गावातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं प्रमाण सारखं. यातलं बरंचसं शाळांच्या सरकारी नोंदीत, म्हणजे यूडायसच्या माहितीत, आणि केंद्रप्रमुखांकडे मिळतं. ऊसतोडीचं मात्र मुख्याध्यापकांनाच विचारावं लागतं. मग पूर्वचाचणी घेऊन सर्व मुलांच्या सरासरी पाहायच्या. शिक्षणातले अभ्यास तपासणारं अमेरिकेतलं ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊस’ यासाठी एक मर्यादा वापरतं: दोन गटांतला सुरुवातीचा फरक 0.25 प्रमाण विचलनापेक्षा जास्त असेल तर अभ्यास ग्राह्य धरत नाही, 0.05 ते 0.25 च्या मध्ये असेल तर सांख्यिकी समायोजन मागतं. आपल्या चाचणीचं प्रमाण विचलन 6 असेल तर 0.25 म्हणजे 1.5 गुण. वरच्या दोन शाळांमध्ये 6 गुणांचा फरक होता, त्यामुळे ती तुलना पहिल्याच दिवशी सोडून द्यायला हवी होती.

सरासरी जवळजवळ असल्या की मुलं आपापल्या वर्गाच्या सरासरीकडे सरकली तरी दोन्हीकडे एकाच जागी सरकतात. अशा शाळांमध्ये जोड्या लावल्या तरी फारसं बिघडत नाही, पण मग त्यांची गरजही उरत नाही.

शाळा कुठली घ्यायची यात एक बारीक गोष्ट आहे. एकाच केंद्रातल्या शाळा घेऊ नयेत. महिन्याच्या शिक्षण परिषदेत शिक्षक भेटतात, आणि चांगली कल्पना तिथे लगेच पसरते. तुलनेच्या शाळेतही तेच सुरू झालं तर फरक मिटतो. शेजारचं केंद्र घ्यावं. आणि दोन्ही बाजूंना एकेकच शाळा असेल तर पद्धतीचा परिणाम आणि त्या शाळेच्या शिक्षकाचा परिणाम वेगळा करण्याचा कुठलाही मार्ग नाही, मुलं कितीही असोत. प्रत्येक बाजूला चार-पाच शाळा मिळाल्या तर बरं. दोन-दोनच मिळाल्या तर निष्कर्ष त्या बेताने लिहावा.

आपण कुठल्या जाळ्यात आहोत हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे दोन पूर्वचाचण्या. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यात सुरू होते. पहिली चाचणी जुलैत घ्यावी, दुसरी ऑगस्टच्या मध्यात, आणि नवी पद्धत त्यानंतर. जोड्या जुलैच्या गुणांवर लावून ऑगस्टचे गुण बघा: प्रयोग सुरू होण्याआधीच जोड्या फाकल्या असतील तर त्या जोड्या रद्द. शाळा जुळवल्या असतील तर त्याच दोन चाचण्या दुसरं उत्तर देतात. एक शाळा आधीपासूनच दुसरीपेक्षा वेगाने पुढे जात असेल तर ते ऑगस्टमध्येच दिसतं.

राहिली गळती, आणि मराठवाड्यात ती दिवाळीच्या सुमारास येते. आईवडील कारखान्यावर निघाले की मूलही जातं. हंगामी वसतिगृहात काही राहतात, सगळी नाही. जोड्यांच्या अभ्यासात एक मूल गेलं की त्याचा जोडीदारही वगळावा लागतो, आणि कोण गेलं ते तक्त्यातून पुसलं जातं. शाळांच्या अभ्यासात निदान ते लिहिता येतं: कुठल्या बाजूची किती मुलं गेली, त्यांचे पूर्वचाचणीचे गुण किती होते. एकीकडची कच्ची मुलं गेली आणि दुसरीकडची राहिली, तर उरलेल्यांची सरासरी आपोआप वर चढते. म्हणून उत्तरचाचणी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात घ्यावी. आधीच काही कोयते निघाले असतील तर त्या घरांतल्या मुलांची यादी निकालाच्या तक्त्याखाली, शाळानिहाय द्यावी.