सादरीकरणोत्तर ईमेल

क्लायंटपुढे प्रेझेंटेशन झाल्यावर सादरकर्त्यांनी पाठवायचा ईमेल. त्यात आभार मानून काय ठरले, काय ठरायचे राहिले आणि पुढे कोण काय करणार हे लिहितात. इतिवृत्तात चर्चेचा ओघही येतो, इथे फक्त तिचे फलित येते. तो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जावा. त्यानंतर दोन्ही बाजूंना बैठक वेगवेगळी आठवू लागते.

आभाराला एक-दोन वाक्ये पुरतात. क्लायंटने दिलेल्या एखाद्या नेमक्या माहितीचा उल्लेख केला, तर ते आभार मनापासूनचे वाटतात.

खरी कसोटी निर्णय आणि खुला प्रश्न वेगळे करण्यात आहे. ‘छान झालंय’, ‘हरकत नसावी’ हे उद्गार मंजुरी नव्हेत. बोलणाऱ्याला अधिकार होता का आणि त्याने अट घातली होती का, हे पाहूनच निर्णय नोंदवावा. समजा, संकेतस्थळाच्या नव्या रचनेचे प्रेझेंटेशन झाले. विपणन प्रमुखांनी मुख्य पानाचा दुसरा आराखडा निवडला. पैसे भरण्याच्या पानाबद्दल मात्र त्या म्हणाल्या, ‘ठीक वाटतंय, पण लेखा विभागाला दाखवायला हवं.’ उत्साहाच्या भरात ‘दोन्ही पाने मंजूर’ असे लिहिले जाते आणि लेखा विभागाने पान नाकारले की केलेले काम वाया जाते. योग्य मजकूर असा:

‘ठरले: मुख्य पानासाठी आराखडा २.
बाकी: पैसे भरण्याच्या पानाला लेखा विभागाची संमती. ती आपण गुरुवारपर्यंत कळवणार आहात. तोवर त्या पानाचे काम सुरू होणार नाही.
पुढे: मुख्य पानाचा कच्चा नमुना आम्ही सोमवारी पाठवू.’

यातले ‘तोवर काम सुरू होणार नाही’ हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. उत्तर लांबले तर काय अडेल हे त्यावरून कळते आणि ते कोणावर दोषारोपही करत नाही. ‘लवकरच पाहू’ असे लिहिले, तर तो प्रश्न कोणाचाच राहत नाही. म्हणून प्रत्येक बाबीपुढे जबाबदार व्यक्ती आणि दिवस असावा.

शेवटी ‘काही चुकले वा राहिले असल्यास बुधवारपर्यंत कळवावे’ असे लिहायची पद्धत आहे. मात्र उत्तर आले नाही म्हणजे सारे मान्य झाले, असा अर्थ काढणे धोक्याचे. रक्कम, मुदत किंवा कामाची व्याप्ती बदलत असेल तर स्पष्ट लेखी होकार घ्यावाच, आणि करारात बदलाची रीत ठरलेली असेल तर तीच पाळावी.

हा ईमेल बैठकीला नसलेल्या वरिष्ठांकडेही जातो, त्यामुळे तो त्यांना स्वतंत्रपणे कळायला हवा. सोबत प्रत्यक्ष दाखवलेलीच प्रत जोडावी. नंतर स्लाइड सुधारल्या असतील तर तसे सांगून ती प्रत वेगळी द्यावी. क्लायंटने दुरुस्ती सुचवली, तर त्याच धाग्यात ती नोंद पुन्हा पूर्ण लिहून पाठवतात, म्हणजे कोणती नोंद अखेरची याबद्दल शंका उरत नाही.