हिमोग्लोबिन नॉर्मल, पण लोहाचा साठा संपलेला

गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये आखून दिली. त्यामुळे १२.४ आलं की रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलं जातं आणि सततच्या थकव्याचं खापर झोपेवर नाहीतर ताणावर फुटतं.

पण हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही लोहाच्या कमतरतेने थकवा येत असेल का? खरं तर ही शंका त्याआधीच तपासून झाली होती. १९६० मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट ब्यूटलर आणि सहकाऱ्यांनी ॲनिमिया नसलेल्या, पण सतत थकलेल्या स्त्रियांना आलटून पालटून लोह आणि खोटी गोळी दिली. ज्यांच्या अस्थिमज्जेत लोहाचा साठा उरला नव्हता, त्यांना लोहाने बरं वाटलं. अडचण एवढीच होती, की साठा पाहायचा तर हाडात सुई घालावी लागे. थकव्यासाठी एवढं कोण करणार?

मार्ग १९७२ मध्ये निघाला. लोह साठवून ठेवणारं फेरिटिन हे प्रथिन १९३७ पासून माहीत होतं. आता त्याचा रक्तात उतरणारा अत्यल्प अंशही मोजता येऊ लागला. साधारणपणे १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर फेरिटिन म्हणजे शरीरात सुमारे ८ मिलिग्रॅम साठा.

हिमोग्लोबिन १२.४ आणि फेरिटिन ९ असलेली स्त्री घ्या. तिचा साठा जेमतेम ७० मिलिग्रॅम, तर तांबड्या पेशींत मात्र दीड हजारांहून जास्त मिलिग्रॅम लोह. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं, तर सुमारे ३४ मिलिग्रॅम लोह जातं. शरीर आधी साठा उपसतं आणि हिमोग्लोबिन शेवटी घसरतं, म्हणून ते बराच काळ चांगलं दिसतं. पण स्नायूंतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या विकरांना आणि केसांच्या मुळाशी वेगाने विभागणाऱ्या पेशींनाही लोह लागतंच.

थकव्याबाबतचा पुरावा पुढे भक्कम झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत फेरिटिन ५० पर्यंत असलेल्या स्त्रियांना लोहाचा फायदा दिसला. केसांबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. केस गळत असतील तर थायरॉइडही तपासायला हवं, सगळा दोष फेरिटिनवर टाकू नये.

फेरिटिनचा आकडा वाचतानाही सावध राहावं लागतं. १५ च्या खाली साठा संपलेला असतो; बरेच डॉक्टर ३० च्या खालीही कमतरता धरतात. प्रयोगशाळेची 'नॉर्मल' मर्यादा याहून खालून सुरू होत असेल, तर ११ आकडाही खूण न होता निसटतो. उलट ताप, संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन वाढतं, त्यामुळे तेव्हाचं ६० हे खरं ६० नसतं. अशा वेळी सोबत सूज दाखवणारी सीआरपी ही रक्तचाचणी पाहावी किंवा बरं झाल्यावर फेरिटिन पुन्हा तपासावं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तर साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा पाहतात. गोळ्या नियमित घेऊनही ते वाढलं नाही, तर पाळीत किती रक्त जातं आणि आतड्यात लोह शोषलं जातं का, याचा शोध घ्यावा लागतो.