पेटी तीच, खिळ्यांचं अंतर मात्र वेगळं

चार फळ्या खिळ्यांनी ठोकून केलेली पोकळ तुळई घ्या. बाहेरून २०० मिमी रुंद, २८० मिमी उंच, प्रत्येक फळी ४० मिमी जाड. ती दोन तऱ्हांनी जुळवता येते. पहिल्या तऱ्हेत वरची आणि खालची फळी पूर्ण २०० मिमी रुंद असते, ती उभ्या फळ्यांवर झाकणासारखी बसते आणि खिळे उभे ठोकतात. दुसऱ्या तऱ्हेत उभ्या फळ्या पूर्ण उंचीच्या असतात, त्यांच्यामध्ये १२० मिमीची आडवी फळी अडकवून खिळे बाजूने ठोकतात. रंग दिल्यावर दोन्ही तुळया सारख्याच दिसतात. दोन्हींचा मोमेंट ऑफ इनर्शिया I, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप, सुमारे २८.५९ कोटी मिमी⁴ येतो, आणि लाकडातला शिअर स्ट्रेस, म्हणजे थर एकमेकांवर सरकवू पाहणारा ताणही, गणिताने एकच. म्हणूनच खिळेही सारखेच लागतील असं वाटतं, आणि तिथेच चूक होते.

खिळ्यांना लाकडातल्या स्ट्रेसशी देणंघेणं नाही. त्यांना फक्त आपण धरलेली फळी सरकू द्यायची नसते. लांबीच्या दर मिलिमीटरला जेवढं बल ती फळी सरकवू पाहतं, तो शिअर फ्लो: q = VQ/I. यातला V म्हणजे भारामुळे तुळईत येणारा शिअर फोर्स, आणि Q म्हणजे खिळ्यांनी जोडलेल्या फळीच्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले न्यूट्रल ॲक्सिसपासून, म्हणजे वाकताना न ताणल्या-दाबल्या जाणाऱ्या मधल्या रेषेपासून, तिच्या मध्याचं अंतर. इथे ते अंतर दोन्हीकडे १२० मिमी आहे, फळीची रुंदी मात्र वेगळी.

समजा, तुळई दोन्ही टोकांना टेकलेली आहे आणि मधोमध १२ किलोन्यूटन भार आहे, म्हणजे V = ६००० न्यूटन. एक खिळा सुरक्षितपणे ६०० न्यूटन पेलतो असं धरू. झाकणाच्या फळीचा Q ९,६०,००० मिमी³, त्यामुळे q सुमारे २०.१ न्यूटन दर मिमी. खिळ्यांच्या ओळी दोन आहेत, म्हणून अंतर १२०० ÷ २०.१, म्हणजे जेमतेम ५९ मिमी. अडकवलेल्या फळीचा Q ५,७६,०००, q १२.१, अंतर ९९ मिमी. तेच लाकूड, तोच भार, आणि पहिल्या तऱ्हेत दीडपटीहून जास्त खिळे!

मी दुसरी तऱ्हाच निवडेन. ४० मिमीच्या कडेत एका रेषेत ५९ मिमीवर खिळे ठोकले की फळी चिरण्याची भीती असते. पहिलीच तऱ्हा करायची असेल, तर आधी बारीक भोकं पाडून घ्यावीत.

विद्यार्थी अनेकदा Q काढताना न्यूट्रल ॲक्सिसच्या वरचा सगळा भाग धरतात. तो Q स्ट्रेसच्या गणितात लागतो. उभ्या फळ्यांचा अर्धा भाग खिळ्यांनी जोडलेला नाही, तो अखंड लाकडानेच धरलेला आहे.

शिवाय हे सूत्र सांधा मुळीच सरकत नाही असं मानतं. खिळे थोडे सरकतातच, त्यामुळे तुळई गणितापेक्षा जास्त वाकते. खिळे कमी पडलेत का, हे तुळईच्या टोकांशी पाहावं. भाराखाली तिथे आडव्या आणि उभ्या फळ्यांची टोकं एका रेषेत राहिली नाहीत, तर सांधा सरकतो आहे.