ड्यू डेट दोन का असतात? शेवटची पाळी विरुद्ध पहिली सोनोग्राफी

फाईलवर एक तारीख, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दुसरी, आणि घरात सगळे विचारतात खरी कुठली. यातली पाळीवरून तारीख काढायची पद्धत खूपच जुनी आहे.

हॉलंडमधल्या लायडनचे डॉक्टर बूरहाव 18व्या शतकात शिकवायचे की शेवटच्या पाळीला नऊ महिने आणि एक आठवडा जोडा. पुढे हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले यांनी तेच उचललं आणि नियमाला नाव पडलं नेगेलेंचं. गंमत म्हणजे मोजायचं पाळीच्या पहिल्या दिवसापासून की शेवटच्या, हे नेगेलेंनी स्पष्ट सांगितलंच नव्हतं, पहिला दिवस नंतर रूढ झाला. आपल्याकडचं नऊ महिने नऊ दिवससुद्धा जवळपास तिथेच पोचतं म्हणा.

या हिशोबात धरलेलं असतं की पाळी 28 दिवसांची आणि स्त्रीबीज 14व्या दिवशी बाहेर पडतं. पण पाळी 40 दिवसांची असेल तर स्त्रीबीज साधारण 26व्या दिवशी सुटतं, म्हणजे गर्भ धरतोच बारा दिवस उशिरा, आणि तारीख लक्षात नसेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील तर विचारूच नका.

यावर उपाय निघाला ग्लासगोमध्ये. इयान डोनाल्ड यांच्या टीमने 1958 मध्ये पोटातल्या सोनोग्राफीवर पेपर छापला आणि तिथल्याच ह्यू रॉबिन्सन यांनी 1973 मध्ये गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय काढता येतं हे दाखवलं, रिपोर्टवर सीआरएल लिहिलेलं असतं ना, तेच. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून वय थोड्या दिवसांच्या फरकात कळतं.

उदाहरण घ्या. पाळी 1 मार्च 2025 ला आली, 280 दिवस मोजले तर तारीख 6 डिसेंबर (नऊ महिने सात दिवस केलं तर 8, कारण महिने लहानमोठे). 10 मेला पाळीप्रमाणे 10 आठवडे झाले, पण सोनोग्राफीत सीआरएल सुमारे 18 मिमी म्हणजे 8 आठवडे 2 दिवस. फरक 12 दिवसांचा. अमेरिकन गायनॅक संघटनेच्या नियमात या टप्प्यावर 7 दिवसांपेक्षा जास्त फरक असला तर सोनोग्राफीची तारीख धरतात (नऊ आठवड्यांच्या आत 5 पेक्षा जास्त), म्हणून ड्यू डेट 18 डिसेंबर. फरक कमी असता तर पाळीचीच तारीख कायम राहिली असती.

गोंधळ होतो तो पुढे, कारण आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीतही मशीन नवी तारीख छापतं, आणि तेव्हा अंदाज तीन आठवडेही चुकू शकतो. लवकरच्या स्कॅनने पक्की केलेली तारीख त्यावरून बदलायची नसते, बदलली तर वाढ खुंटलेलं बाळ फक्त "वयाने लहान" वाटतं आणि खरा प्रॉब्लेम झाकला जातो.