पाळी जायच्या वयातल्या वाफा, झोपमोड आणि चिडचिड : मेनोपॉज की थायरॉइड?

चाळिशीच्या मध्यापासून पन्नाशीच्या पुढेमागे बायकांना अचानक अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने जाग येते आणि मग पहाटेपर्यंत झोप लागत नाही, कारण नसताना रडू येतं नाहीतर घरच्यांवर चिडचिड होते. आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "पाळी जायची वेळ आली, होतं असं". बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण यातलं बरंचसं थायरॉइड बिघडल्यानेही होतं आणि थायरॉइडचे आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त, त्यातून या वयात ते भरपूर सापडतात, त्यामुळे गल्लत व्हायला पूर्ण वाव आहे. आणि दोन्ही एकाच बाईला एकाच वेळी असू शकतं, खरा गोंधळ तिथेच होतो.

मेनोपॉज म्हणजे सलग १२ महिने पाळी न येणं, म्हणजे ती तारीख मागाहूनच ठरते. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. त्रास मात्र त्याच्या आधीच्या काही वर्षांत सुरू होतो, ज्याला पेरिमेनोपॉज म्हणतात, तेव्हा पाळी चालू असते पण कधी २२ दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, कधी धो धो, कधी नुसता डाग. पाळी चालू आहे म्हणजे मेनोपॉजचा त्रास नसणार असं बऱ्याच जणींना वाटतं, ते चूक आहे.

वाफ कशी येते

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग अंगाचं तापमान सांभाळतो. तापमान थोडंसं वरखाली झालं तर तो काही करत नाही, तेवढी सूट असते. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी व्हायला लागलं की ही सूट फार अरुंद होते, मग गरम चहा, बंद स्वयंपाकघर किंवा नुसतं टेन्शन एवढ्यानेही मेंदूला वाटतं की अंग तापलं, आणि तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडून घाम काढतो. म्हणून वाफ छातीतून किंवा मानेतून चेहऱ्याकडे चढते, तोंड लाल होतं, धडधडतं, साधारण एक ते पाच मिनिटांत उतरते आणि उतरल्यावर बऱ्याच जणींना चक्क थंडी वाजते. पंखा फुल, मग पाच मिनिटांनी चादर, परत पंखा, हा रात्रीचा खेळ ज्या घरात चालतो तिथे बहुधा मेनोपॉजच असतो.

थायरॉइड जास्त काम करायला लागला, म्हणजे हायपरथायरॉइड झाला, की प्रकार वेगळा. इथे सगळ्या शरीराचा वेगच वाढलेला असतो त्यामुळे उष्णता सतत तयार होत राहते, लाट येऊन जात नाही. बाईला दिवसभरच उकडतं, तळहात गरम आणि ओलसर, बाकीचे स्वेटर घालून बसलेत आणि हिला एसी हवा. भूक चांगली असून वजन उतरतं, दिवसातून दोन-तीनदा शौचाला होतं, हात पुढे धरून बोटं ताणली आणि वर कागद ठेवला तर कागद थरथरताना दिसतो. वजन कमी झाल्याचं कौतुक होतं म्हणून कितीतरी जणी ते लक्षण सांगतच नाहीत, हे डॉक्टरांनी मुद्दाम विचारायला हवं.

घरी बघण्यासारखी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नाडी. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातून न हलता, पूर्ण एक मिनिट मोजायची आणि सलग काही दिवस लिहून ठेवायची. मेनोपॉजच्या वाफेत नाडी वाढते पण वाफ गेली की परत जागेवर येते. हायपरथायरॉइडमध्ये ती झोपेतसुद्धा जोरात असते, सकाळी शांत पडल्या पडल्या रोज ९० च्या वर लागत असेल तर तपासणी पुढे ढकलू नये. (रक्त कमी असेल तरी नाडी वाढते, आणि बीपीच्या काही गोळ्या ती दाबून ठेवतात, म्हणजे नाडी हा इशारा आहे, निदान नाही.)

झोप आणि मूड

झोपेत फरक असा की मेनोपॉजवाली झोपते नीट पण मध्यरात्री घामाने उठते. हायपरवाली मुळात झोपूच शकत नाही, डोकं चालूच राहतं. आणि थायरॉइड कमी काम करतोय, म्हणजे हायपोथायरॉइड, तर बाई भरपूर झोपूनही दमलेलीच उठते, कधी घोरणं वाढलेलं असतं. मूडचंही तसंच, पेरिमेनोपॉजमध्ये सकाळी बरी आणि संध्याकाळी रडकी असे हेलकावे, हायपरमध्ये सतत अस्वस्थ आणि घाईत, हायपोमध्ये सगळं संथ, कशातच रस नाही. पण हे काही काटेकोर नाही, कारण रात्री चार वेळा उठणारी कोणतीही बाई दुसऱ्या दिवशी चिडणारच, आणि पूर्वी डिप्रेशन येऊन गेलं असेल तर या काळात ते परत डोकं वर काढू शकतं.

हायपोमध्ये सहसा वाफा येत नाहीत, उलट थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता, कोरडी कातडी, सुजल्यासारखा चेहरा, बसका आवाज. तरी गल्लत होते ती पाळीमुळे, कारण हायपोमध्येही पाळी जास्त जाते आणि पेरिमेनोपॉजमध्येही जाते.

तपासणी

इथे गंमत अशी आहे की ज्या टेस्टला लोक धावतात ती बऱ्याचदा लागत नाही आणि जी लागते ती राहून जाते. वय ४५ च्या पुढे, पाळी अनियमित आणि वाफांचं वर्णन वर लिहिल्यासारखं असेल तर मेनोपॉज ठरवायला एफएसएच, म्हणजे अंडाशयांना कामाला लावणारा हार्मोन, रक्तात बघावा लागत नाही. तो या काळात इतका हेलकावतो की या महिन्यात ४० आणि पुढच्या महिन्यात ९ येऊ शकतो आणि दोन्ही खरे. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र तो करायलाच हवा, कारण मग ते वेगळं दुखणं आहे.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, मात्र रक्तात एकदा बघावाच. साधारण ०.४ ते ४ ही नॉर्मल रेंज धरतात, लॅबप्रमाणे थोडाफार फरक. हा उलटा चालतो हे लक्षात ठेवायचं, थायरॉइड जास्त चालला की टीएसएच खाली जातो, कमी चालला की वर. ०.०५ आला आणि फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइड स्वतः बनवतो तो हार्मोन, वाढलेला असेल तर हायपर. पण ५.८ आला म्हणून सगळा दोष थायरॉइडवर टाकू नये, इतक्या किरकोळ वाढीने रात्रीच्या वाफा येत नाहीत, तो दोन-तीन महिन्यांनी परत बघतात, अँटी-टीपीओ म्हणजे थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी बघतात, मग गोळीचं ठरतं. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, ५.८ वर गोळी चालू होते आणि सहा महिन्यांनी बाई म्हणते वाफा काही गेल्या नाहीत.

अजून एक खोच. या वयात केस गळतात म्हणून बायोटिनच्या ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास घेतात, आणि बायोटिन काही लॅबच्या टेस्ट पद्धतीत गडबड करतं, टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो, म्हणजे कागदावर हुबेहूब हायपरथायरॉइड. रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवायची, आणि डॉक्टरांना सांगायची, कारण "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून कुणी सांगत नाही.

एक उदाहरण

समजा ४७ वर्षांची शिक्षिका आहे, दहा वर्षांपासून हायपोथायरॉइडसाठी थायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. वर्षभरात पाळी ४० ते ६० दिवसांवर गेली, डाएटने वजन ६ किलो उतरवलं, आणि आता रात्री घाम, दिवसा धडधड, वर्गात पोरांवर ओरडणं. ती म्हणते मेनोपॉज, नवरा म्हणतो स्ट्रेस. सकाळची नाडी ९६, बोटं थरथरतात, बायोटिन घेत नाही, टीएसएच ०.०६. म्हणजे वजन उतरल्यावर जुना डोस तिला जास्त होतोय. डोस ७५ वर आणला आणि सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच केला, कारण त्याआधी तो स्थिर होत नाही. आता तो १.९, नाडी ७४, थरथर गेली, दिवसभराचं उकडणं गेलं. पण रात्री दोन-तीनदा छातीतून वर चढणारी वाफ आणि मागून थंडी, हे तसंच राहिलं. हा उरलेला भाग मेनोपॉजचा. पहिल्याच भेटीत हार्मोन चालू केले असते तर वाफा कमी होऊन जास्तीचा डोस झाकला गेला असता, आणि जास्तीचं थायरॉक्सिन हाडं झिजवतं, ती मेनोपॉजमध्येही झिजतातच, शिवाय हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

उरलेल्या वाफांसाठी सगळ्यात परिणामकारक उपाय हार्मोन थेरपी हाच. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, पायात गुठळी झालेली असेल किंवा कारण न कळलेलं रक्त जात असेल तर हा रस्ता सहसा बंद, मग व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्री गॅबापेंटिन अशी औषधं डॉक्टर देतात. थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईने इस्ट्रोजेनची तोंडाने घ्यायची गोळी चालू केली तर थायरॉक्सिन कमी पडायला लागू शकतं, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत बघतात, जेल किंवा पॅचने असं सहसा होत नाही. आणि थायरॉक्सिन उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून चार तास लांब. या वयात कॅल्शियम चालू होतंच, सकाळी दोन्ही एकत्र गिळली की टीएसएच वर जातो आणि उगाच डोस वाढतो.

पाळीचं कॅलेंडरच नसेल तर

ज्यांचं गर्भाशय काढलंय त्यांना पाळीवरून काहीच कळत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न मोठा आहे, बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, त्यात तिशीतल्या बायकाही होत्या. अंडाशयं काढली असतील तर ऑपरेशननंतर लगेच वाफा सुरू होतात, ठेवली असली तरी ती काही वर्षं आधी थकू शकतात. अशा बाईला ३८ व्या वर्षी घाम आणि झोपमोड सुरू झाली तर वयावरून मेनोपॉज नाकारता येत नाही आणि पाळीवरून ठरवताही येत नाही, म्हणून तिथे टीएसएच आणि एफएसएच दोन्ही करावे लागतात, आणि कोणतं ऑपरेशन झालं, अंडाशयं आहेत की नाहीत, हे डिस्चार्ज कार्डावरून आधी बघावं लागतं. कार्ड नसेल तर सोनोग्राफी.

संध्याकाळचा बारीक ताप, खोकला आणि वजन उतरणं यासोबत रात्रीचा घाम असेल तर आधी टीबी बघतात. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर परत रक्त गेलं, भले एकच डाग, तर त्याचा संबंध थायरॉइडशी लावत बसू नये, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघून घ्यायची, ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त निघाली तर अस्तराचा तुकडा तपासतात.