खोडणं आणि कंसात टाकणं: देकार्तचा संशय, हुसर्लचा एपोखे

‘हुसर्ल जगाच्या अस्तित्वावर संशय घेतो.’ फेनॉमेनॉलॉजी म्हणजे अनुभव जसा येतो तसं त्याचं वर्णन करणारी तत्त्वज्ञानाची पद्धत, आणि हुसर्ल तिचा संस्थापक. या विषयाच्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य मला दरवर्षी भेटतं. मार्गदर्शिकांतही तेच छापलेलं असतं. वाक्य चूक आहे, आणि या एका चुकीमुळे पुढची सगळी पद्धत हातातून निसटते.

देकार्त तुम्हाला माहीत आहे. स्वप्न, फसवणारा राक्षस, ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’. फक्त त्याची एक युक्ती आठवा: ज्यावर जराही संशय घेता येतो, ते तो खोटं असल्यासारखं बाजूला सारतो. पाटीवरचा मजकूर खोडावा तसं.

आता हुसर्ल. 1913 च्या ‘इडीन’ या ग्रंथात तो ‘नैसर्गिक वृत्ती’ असा शब्द वापरतो. ही वृत्ती म्हणजे आपलं एखादं मत नव्हे. जिना उतरताना ‘पायरी खरोखर आहे’ असं आपण मनात म्हणत नाही, नुसता पाय टाकतो. जग आहे ही खात्री अशी प्रत्येक कृतीखाली न बोलता चालू असते. ती कंसात टाकायची, म्हणजे एपोखे. कंसातला मजकूर पुसलेला नसतो. तो तिथेच असतो आणि वाचताही येतो, फक्त त्याच्या आधारावर पुढचं काही सिद्ध करायचं नाही. त्याच ग्रंथात हुसर्ल स्पष्ट म्हणतो की मी जग नाकारत नाही आणि त्यावर संशयही घेत नाही.

‘म्हणजे सौम्य संशयच ना?’ असं वर्गात हमखास कुणीतरी विचारतं. नाही. फरक तीव्रतेचा नाही, प्रकाराचा आहे.

हुसर्लचंच एक उदाहरण घ्या. मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात जिन्यावर एक अनोळखी बाई ओळख असल्यासारखी हात हलवते. क्षणभराने कळतं की तो पुतळा आहे. मधल्या क्षणी ‘बाई’ आणि ‘पुतळा’ या दोन खात्र्या एकमेकींशी झगडतात. तो झगडा म्हणजे संशय. त्यात पहिली खात्री डळमळते, आणि शेवटी तिच्या जागी दुसरी येते. पण ती दुसरीही जगाबद्दलचीच खात्री असते, त्यामुळे आपण नैसर्गिक वृत्तीतून तसूभरही बाहेर पडलेलो नसतो. एपोखेला मात्र डळमळण्याची गरजच नाही. शंभर टक्के खात्री असलेली गोष्टही कंसात टाकता येते, आणि कंसात असताना ती तितकीच पक्की राहते. फक्त आपण ती वापरत नाही, तिच्याकडे पाहतो.

पाहतो म्हणजे काय, हे बागेतल्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडावर करून बघू. हे झाडही हुसर्लचंच. देकार्तच्या वाटेने गेलो तर झाड स्वप्नातलं असू शकतं, म्हणून ते गेलं. हातात उरला फक्त ‘मी’. हुसर्लच्या वाटेने झाड जात नाही, ‘दिसलेलं झाड, जसं दिसलं तसं’ म्हणून उरतं. मग त्याचं वर्णन सुरू होतं. समोरची बाजू दिसते आहे. मागची दिसत नाही, तरी मला अर्धं झाड दिसत नाही, झाड दिसतं. न दिसणारी बाजू या दिसण्यातच अपेक्षा म्हणून सामील आहे. फेरी मारली की ती अपेक्षा पुरी होते किंवा मोडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘ते तिथे आहे’ ही खात्रीसुद्धा आता वर्णनाचा विषय होते. ती खोडली असती तर तिचं वर्णन कशाचं केलं असतं?

हुसर्लचं याबद्दलचं निरीक्षण मला फार आवडतं: झाड जळू शकतं, पण या पाहण्याचा जो अर्थ आहे, ‘दिसलेलं झाड’, तो जळू शकत नाही.

आपल्या लिखाणात घसरण झाली की नाही, हे दोन खुणांवरून ओळखता येतं. ‘कदाचित झाड नसेलच’ असं लिहिलंत, तर तुम्ही देकार्तकडे गेलात. ‘झाडावरून आलेला प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर पडतो, म्हणून ते दिसतं’ असं लिहिलंत, तर कंस फुटला, कारण खऱ्या झाडाला तुम्ही कारण म्हणून कामाला लावलंत. ते विज्ञान चूक नाही, इथे ते वापरायचं नाही इतकंच. दुसरी चूक हुशार विद्यार्थी जास्त करतात.

ग्रीक संशयवाद्यांचाही ‘एपोखे’ होता. शब्द त्यांचाच, पण त्यांना त्यातून मनःशांती हवी होती. एवढं पुरे.

गोंधळाचा थोडा दोष हुसर्लकडेही जातो. ‘इडीन’मध्ये तो एपोखेची ओळख देकार्तच्या संशयाचा आधार घेऊनच करून देतो, आणि 1929 च्या पॅरिसमधल्या व्याख्यानांतून आलेल्या पुस्तकाला तर ‘कार्टेशियन मेडिटेशन्स’, म्हणजे देकार्तच्या धर्तीची चिंतनं, असंच नाव आहे. पुढे 1930 च्या दशकात त्यानेच कबूल केलं की या वाटेत एक उणीव आहे: ती एका उडीत ‘मी’पर्यंत नेते, आणि तो ‘मी’ रिकामा भासतो. म्हणून नवख्यांना मी देकार्तपासून सुरुवात करूच देत नाही. आधी झाडाभोवती फेरी मारायला लावते.